गोळीतलं लोह जातं कुठे?

लोहाची गोळी सुरू केली की एक-दोन दिवसांत शौचाचा रंग बदलतो. आधी गडद हिरवट, मग काळा. त्याच सुमारास पोट जड वाटू लागतं, शौचाला कुंथावं लागतं, काहींना गोळीनंतर तासाभरात मळमळतं. बरेच जण इथेच गोळी बंद करतात आणि डॉक्टरांना सांगतही नाहीत. मला याचं वाईट वाटतं, कारण काळा रंग आणि बद्धकोष्ठता या दोन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे, आणि ते समजलं तर गोळी बंद करण्याऐवजी ती घेण्याची पद्धत बदलता येते.

मूळ असं, की गोळीतलं बहुतेक लोह शरीरात शिरतच नाही. लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग ते शोषतो, पण तेही थोडंच. 60 मिलीग्रॅम लोह पोटात गेलं तर लोहाची कमतरता असलेल्या माणसातही दहा-बारा मिलीग्रॅमच्या आसपास रक्तात पोचतं. उरलेलं पुढे मोठ्या आतड्यात जातं. तिथे गंधकाशी संयोग होऊन त्याची काळी संयुगं बनतात, म्हणून शौच काळी. तेच लोह आतड्याच्या अस्तराला डिवचतं आणि तिथल्या जिवाणूंची घडी विस्कटतं. त्यातून कुणाला बद्धकोष्ठता होते, कुणाला उलट जुलाब.

म्हणजे नुसता काळा रंग हा धोक्याचा इशारा नव्हे. गोळी थांबवल्यावर काही दिवसांत तो जातो. मात्र एक फरक डोळ्यांत तेल घालून पाहायला हवा. लोहामुळे काळी झालेली शौच सहसा बांधीव असते आणि तिचा वास नेहमीसारखाच असतो. जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्तस्राव होत असेल तर शौच डांबरासारखी चिकट, चकचकीत, पातळसर आणि फार उग्र वासाची होते. सोबत चक्कर, धडधड किंवा पोटात दुखणं असू शकतं. अशी शौच दिसली तर ‘गोळीमुळेच असेल’ असं म्हणून थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. कमी झालेल्या हिमोग्लोबिनचं कारण तो रक्तस्रावच असू शकतो.

आता मुद्द्याचा प्रश्न: शरीराला लोह हवंय, मग ते घेत का नाही? शरीरात शिरलेलं जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय आपल्याकडे नाही. म्हणून सगळी राखण दारावरच होते. यकृत हेपसिडिन नावाचं संप्रेरक सोडतं. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारी जी प्रथिनांची दारं असतात, ती हेपसिडिन बंद करून टाकतं. पेशीत आलेलं लोह मग तिथेच अडकतं, आणि ती पेशी काही दिवसांत गळून पडली की तिच्यासोबत शौचावाटे निघून जातं.

साठ मिलीग्रॅमची किंवा त्याहून मोठी गोळी घेतली की हेपसिडिन वाढतं आणि साधारण दिवसभर वाढलेलं राहतं. दुसऱ्या दिवशीची गोळी त्यामुळे अर्धवट मिटलेल्या दाराशी येऊन ठेपते. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी 2017 साली लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये हे मोजलं. सगळ्यांना 60 मिलीग्रॅमच्या चौदा गोळ्याच दिल्या. एका गटाला रोज एक, दुसऱ्याला एका दिवसाआड एक. रोज घेणाऱ्यांनी जेमतेम 16 टक्के लोह शोषलं, एका दिवसाआड घेणाऱ्यांनी जवळपास 22 टक्के. वेगळ्या गटांत दिवसाचा 120 मिलीग्रॅमचा डोस एकदम घेण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ विभागून घेतल्याने शोषण वाढलं नाही, हेपसिडिन मात्र चढलं.

हे आकडे वाचून ‘एका दिवसाआड घेतलं की जास्त लोह मिळतं’ असं अनेक ठिकाणी लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे, म्हणून हिशोब करून पाहू. समजा, एका स्त्रीचं हिमोग्लोबिन 10 आहे, म्हणजे दर 100 मिलीलिटर रक्तात 10 ग्रॅम, आणि ते 12.5 वर न्यायचं आहे. तिच्या शरीरात साधारण चार लिटर रक्त आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनला 3.4 मिलीग्रॅम लोह लागतं, त्यामुळे एवढ्या वाढीसाठी सुमारे 340 मिलीग्रॅम लोह हवं. वरच्या टक्केवारीने रोजच्या गोळीतून तिला दिवसाला साधारण साडेनऊ मिलीग्रॅम मिळेल, म्हणजे पाच आठवडे. एका दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतून तेरा मिळेल, पण दिवसाची सरासरी साडेसहा. म्हणजे साडेसात आठवडे. दोन दिवसांत मोठ्या आतड्यात पोचणारं लोह मात्र शंभरऐवजी सत्तेचाळीस मिलीग्रॅमच्या घरात येतं.

हा हिशोब ढोबळ आहे. रक्तक्षय झालेल्यांत शोषण आणखी वाढतं, आणि मासिक पाळीत जाणारं लोह मी धरलेलं नाही. पण सौदा काय आहे ते त्यातून कळतं: दर गोळीमागे जास्त लोह, दर दिवसामागे कमी, आणि पोटावर निम्म्याहून कमी भार. 2023 साली आलेल्या एका चाचणीतही हेच दिसलं. 100 मिलीग्रॅम लोह 90 दिवस रोज घेणाऱ्या आणि 180 दिवस एका दिवसाआड घेणाऱ्या स्त्रियांमध्ये शेवटी लोहाचा साठा जवळपास सारखाच भरला, पण पोटाच्या तक्रारी दुसऱ्या गटात कमी होत्या.

म्हणून घाई नसेल आणि पोट साथ देत नसेल तर एका दिवसाआड एक गोळी, सकाळी, हा मला सगळ्यांत समंजस बदल वाटतो. गरोदरपणात, हिमोग्लोबिन फार खाली असताना किंवा शस्त्रक्रिया जवळ आलेली असताना वेळ हातात नसतो. तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेळापत्रक बदलू नये.

गोळीचा प्रकार बदलणं हा दुसरा मार्ग. त्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. फेरस सल्फेटच्या 200 मिलीग्रॅमच्या कोरड्या गोळीत प्रत्यक्ष लोह 65 मिलीग्रॅम असतं, फेरस ग्लुकोनेटच्या 300 मिलीग्रॅमच्या गोळीत फक्त 35. ग्लुकोनेट ‘सौम्य’ वाटतं ते बहुधा एवढ्याचसाठी. त्यामुळे पाकिटावर क्षाराचं वजन न वाचता प्रत्यक्ष लोह किती ते वाचावं. पातळ औषधाचा फायदा हा, की डोस हवा तसा कमी करून हळूहळू वाढवता येतो. दातांवर डाग पडू नयेत म्हणून ते स्ट्रॉने प्यावं. जठरात न विरघळणारं आवरण असलेल्या गोळ्यांपासून मी दूरच राहीन. त्या पुष्कळदा शोषणाची जागा ओलांडून गेल्यावर फुटतात, म्हणजे त्रास कमी आणि उपयोगही कमी.

बदल लागू पडला की नाही, हे पोटाच्या आरामावरून ठरत नाही, रक्त तपासूनच कळतं. रोजच्या डोसवर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने चढायला हवं. एका दिवसाआड घेत असाल तर थोडी जास्त वाट पाहावी. तरीही हललं नाही, तर गोळीसोबत चहा-कॉफी किंवा कॅल्शियमची गोळी जाते का, आम्लपित्ताचं औषध दीर्घकाळ चालू आहे का, कुठे रक्त जातंय का, हे तपासावं लागतं. शरीरात जुनाट दाह असेल तर हेपसिडिन सततच चढलेलं असतं. तेव्हा तोंडाने कितीही लोह दिलं तरी दार उघडत नाही, आणि शिरेतून लोह देण्याचा विचार करावा लागतो.

हिमोग्लोबिन 12.5 झालं तरी गोळी लगेच सुटत नाही. रक्तात लोह आलेलं असलं तरी साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी साधारण तीन महिने लागतात आणि फेरिटिनच्या तपासणीत त्याचा अंदाज येतो. आधी रोज गोळी घेणाऱ्यांनाही या टप्प्यावर डॉक्टरांशी बोलून एका दिवसाआड यायला हरकत नसते, कारण आता घाई उरलेली नसते.