‘नो सर्व्हिस’ म्हणजे नक्की कोण नाही म्हणतंय?

कुडाळच्या मावशीचा फोन आदल्या संध्याकाळपासून मुका झाला होता. वर दांड्यांच्या जागी फुली आणि खाली `Emergency calls only`. सकाळी ती बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली. त्याने फोन हातात घेऊन निदान केलं: “बोर्ड गेलाय, अठराशे होतील.” सुदैवाने मी त्याच दिवशी दुपारी पोहोचलो आणि फोन अजून घरातच होता.

रेंज गेली की आपण सगळ्या कारणांची एकच मोट बांधतो. विमान मोड चालू-बंद करतो, फोन रिस्टार्ट करतो, सिम काढून त्यावर फुंकर मारतो. यातलं काहीतरी कधीकधी लागूही पडतं, त्यामुळे सवय मोडत नाही. पण दांड्या दिसण्याआधी फोन, सिम आणि कंपनी यांच्यात काही ठरावीक गोष्टी ठरावीक क्रमाने घडतात. गाडी त्यातल्या कुठल्या टप्प्यावर अडली हे कळलं, तर दोष कोणाचा हेही बहुतेक वेळा घरबसल्या कळतं.

फोन सुरू झाला की तो आधी सिमला वीज देतो आणि त्याच्या उत्तराची वाट पाहतो. सिम म्हणजे एक चिमुकला संगणकच आहे. सोनेरी चकतीवरच्या कप्प्यांमधून त्याला वीज, घड्याळाचे ठोके आणि माहितीची देवाणघेवाण मिळते. उत्तर आलंच नाही, तर फोन `No SIM` किंवा `Insert SIM` म्हणतो. हा संदेश दिसला की कंपनीला फोन लावण्यात अर्थ नाही, कारण गोष्ट अजून टॉवरपर्यंत गेलेलीच नाही. दोष कार्डाचा, ट्रेचा किंवा फोनच्या आतल्या पिनांचा असतो.

इथे जुन्या कार्डांचा एक घोळ सांगण्यासारखा आहे. पूर्वीची मोठी सिम ०.७६ मिलिमीटर जाड असत, नॅनो सिम ०.६७ मिलिमीटर असतं. दुकानात कटरने कापलेलं जुनं सिम लांबी-रुंदीला नॅनो होतं, जाडी मात्र जुनीच राहते. ते ट्रेमध्ये घट्ट बसतं, आतल्या पिनांवर जास्त दाब देतं, आणि पुढे खरं नॅनो कार्ड टाकलं की त्याच पिना नीट टेकत नाहीत. किनारपट्टीवर दमट खारी हवाही असतेच. सोनेरी चकतीवर काळपट थर दिसला तर पांढऱ्या खोडरबरने हलकेच पुसून, कोरड्या फडक्याने कण झटकून कार्ड परत बसवावं. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो.

मावशीच्या फोनमध्ये हा प्रश्न नव्हता. सेटिंगमध्ये ‘सिम स्टेटस’ उघडल्यावर `ICCID` समोर `8991` पासून सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसत होता. तो कार्डाचा स्वतःचा क्रमांक, कार्डावरही छापलेला असतो. सुरुवातीचा ८९ हा दूरसंचाराचा अंक, पुढचा ९१ भारताचा. फोन तो वाचू शकतोय म्हणजे कार्ड जिवंत आहे.

दुसरा टप्पा टॉवर ऐकू येण्याचा. `Emergency calls only` हे शब्द वैतागवाणे वाटतात, पण त्यात एक चांगली बातमी दडलेली असते. फोनला आसपासचा निदान एक टॉवर ऐकू येत असेल तरच तो असं म्हणतो. आणीबाणीचा कॉल कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो, त्यासाठी त्या कंपनीचं गिऱ्हाईक असावं लागत नाही. नुसतं `No service` असेल तर मात्र काहीच ऐकू येत नसण्याची शक्यता जास्त. (खात्री करायला ११२ लावून पाहू नका, समोर खरा माणूस उचलतो.)

त्यापेक्षा नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप निवड बंद करावी आणि फोनला हाताने शोध घ्यायला लावावा. एक-दोन मिनिटं लागतात. मावशीच्या फोनवर तीन कंपन्यांची नावं आली, त्यात तिची स्वतःचीही होती. अँटेना आणि रेडिओ काम करत असल्याशिवाय ही यादी येत नाही. अठराशे रुपयांच्या बोर्डाचा विषय तिथेच संपला.

हा टप्पा सेटिंगमुळेही अडतो. तिच्या शेजारच्या मुलाने कुठलीशी रील पाहून `*#*#4636#*#*` डायल केलं आणि आलेल्या छुप्या मेन्यूत `NR only` निवडलं, म्हणजे फोनने फक्त फाइव्ह-जीच शोधायचं. पुण्यात वेग सुसाट, गावाला आला की फोन ठार. कंपनीचं फाइव्ह-जी जर फोर-जीच्या खांद्यावर उभं असेल, तर शहरातही या सेटिंगने रेंज जाते. उलटा प्रकारही घडतो. जिओकडे टू-जी किंवा थ्री-जी जाळंच नाही, त्यामुळे फोन ‘फक्त टू-जी’वर ठेवला तर जिओचं सिम कितीही चांगलं असलं तरी दांडी येणार नाही. एपीएन, म्हणजे इंटरनेट जोडणीचं सेटिंग, त्यावर लोक उगाच संशय घेतात. तो चुकला तर सहसा इंटरनेट जातं, दांड्या जागेवर असतात. रिचार्ज संपल्याचंही तसंच. आधी जाणारे कॉल बंद होतात, पण फोनची टॉवरकडची नोंद लगेच पुसली जात नाही.

आता तिसरा टप्पा, नोंदणीचा. सिममध्ये पंधरा अंकी एक ओळख-क्रमांक असतो, आयएमएसआय. तो आपला मोबाइल नंबर नव्हे. भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. फोन हा क्रमांक टॉवरमार्फत कंपनीकडे पाठवतो आणि कंपनी आपल्या नोंदवहीत तो शोधते. आपला दहा अंकी नंबर या आयएमएसआयला जोडलेला असतो तो तिथे, कंपनीच्या वहीत.

नाव सापडलं की परीक्षा होते. कंपनी १२८ बिटांचा एक यादृच्छिक आकडा पाठवते. सिम आपल्या पोटातली गुप्त किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतं आणि फक्त उत्तर परत पाठवतं. किल्ली कार्डाबाहेर येत नाही. तिची जोडकिल्ली कंपनीकडे असते. कंपनी तेच गणित करते आणि उत्तरं जुळली की दांड्या उमटतात. थ्री-जीपासून पुढे सिमही कंपनीची उलटतपासणी घेतं, म्हणजे कोणी खोटा टॉवर उभारून बसलेला नाही ना ते पाहतं.

नकार आला तर त्यासोबत कारणाचा क्रमांक येतो. बहुतेक फोन तो पोटात ठेवतात, काही अँड्रॉइड फोन मात्र पडद्यावर दाखवतात. मावशीच्या फोनवर वरची पट्टी खाली ओढल्यावर बारीक अक्षरांत होतं: `SIM not provisioned MM#2`. हा अंक मोबाइल जाळ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातला आहे. दोन म्हणजे या आयएमएसआयचं नाव हजेरीपटातच नाही, परीक्षेपर्यंत प्रकरण गेलंच नाही. `MM#3` म्हणजे कंपनी हे कार्ड ग्राह्य धरायला तयार नाही. `MM#6` म्हणजे कार्डाला नव्हे, फोनलाच नकार. चोरीला गेला म्हणून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-क्रमांक, बंद केलेला सेकंडहँड फोन गळ्यात पडला असेल तर असं होऊ शकतं. तिथे `*#06#` डायल करून येणारा क्रमांक पाहावा. स्वस्तातल्या सॉफ्टवेअर दुरुस्तीनंतर तिथे नुसती शून्यं दिसली, तर दोष कुठे झाला हे वेगळं सांगायला नको.

दोन, तीन किंवा सहा नंबरचा नकार मिळाला की फोन बंद करेपर्यंत किंवा कार्ड काढेपर्यंत ते सिम निकामी समजावं, असा मानकाचा नियम आहे. म्हणून कंपनीने “आता चालू केलंय” सांगितल्यावर फोन एकदा पूर्ण बंद करून सुरू करणं खरोखर गरजेचं असतं. विमान मोडचा गुण येतो तो दुसऱ्याच ठिकाणी. टॉवरवर गर्दी असेल आणि फोर-जीवर नोंदणीचे पाच प्रयत्न फसले, तर फोन काही वेळ गप्प बसतो. हा वेळ सहसा १२ मिनिटांचा असतो. विमान मोड चालू-बंद केला की तो मोजणी विसरून लगेच नव्याने प्रयत्न करतो.

मी तरीही अदलाबदल करून पाहिली, कारण एकाच संदेशावर विसंबू नये. माझं सिमही मावशीच्याच कंपनीचं आहे, आणि या चाचणीत ते फार महत्त्वाचं. दुसऱ्या कंपनीचं कार्ड चाललं तर आपल्या कंपनीच्या टॉवरबद्दल आणि तिच्या रेडिओ-लहरींबद्दल काहीच सिद्ध होत नाही. माझं कार्ड तिच्या फोनमध्ये टाकलं, चार दांड्या आल्या. तिचं कार्ड माझ्या फोनमध्ये टाकलं, तर माझाही फोन मुका. म्हणजे फोन, सेटिंग आणि टॉवर तिघेही निर्दोष. कार्ड वाचता येतंय. उरली कंपनीची नोंदवही.

ही सगळी उठाठेव करायला दुसरा फोन नसेल, तर बिघाडाचा स्वभाव पाहावा. कार्डाचा संपर्क बिघडला असेल तर रेंज येते-जाते, फोन खिशात दबला किंवा गरम झाला की जास्तच. रेंजचा प्रश्न जागेप्रमाणे बदलतो, माडीवर वेगळा आणि परसात वेगळा. सेटिंगचा बिघाड आपण काहीतरी केल्यानंतर सुरू झालेला असतो. वहीतून नाव गेलं असेल तर मात्र एका क्षणी सगळं थांबतं आणि कुठेही गेलं तरी फरक पडत नाही.

मावशीचं थांबलं होतं आदल्या दिवशी संध्याकाळी साधारण सहाला. मी विचारलं, “काल कुठे गेली होतीस?” तर बाजारात कंपनीच्या छत्रीखाली बसलेल्या मुलाने ‘फोर-जी अपग्रेड’ म्हणून तिचा फोटो घेतला, अंगठा घेतला आणि एक पाकीट दिलं होतं. “जादा दिलंय म्हणे, म्हणून जपून ठेवलंय.” पाकीट रेशनकार्डाच्या डब्यात होतं, न फोडलेलं. नवं कार्ड चालू झालं त्या क्षणी तिचा नंबर त्याच्या आयएमएसआयला जोडला गेला आणि फोनमधलं जुनं कार्ड हजेरीपटातून उतरलं. माझ्या फोनवरून ग्राहकसेवेला विचारलं, “या नंबरला सध्या कोणता सिम क्रमांक जोडलाय, शेवटचे पाच अंक सांगा.” त्यांनी सांगितलेले अंक पाकिटावरच्या कार्डाशी जुळले. हा प्रश्न पाठ करून ठेवावा, “रेंज येत नाही हो” या तक्रारीपेक्षा कितीतरी लवकर उत्तर मिळतं. आणि आपण कुठलंही कार्ड घेतलेलं नसताना वहीत दुसराच क्रमांक निघाला, तर नंबर कोणीतरी पळवला आहे. मग आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला फोन करायचा, सिमचं नंतर पाहता येतं.

नवं कार्ड टाकल्यावर अर्ध्या मिनिटात दांड्या आल्या. तासाभराने मावशी पुन्हा चिंतेत. फोन लागत होते, पण बँकेचा ओटीपी काही येईना. सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात, चोराच्या हाती ओटीपी पडू नये म्हणून. तो आला सहा वाजून गेल्यावर, एकदम चार.