लेखनिक व वाढीव वेळ (अध्ययन अक्षमता असलेल्या परीक्षार्थींसाठी)

अध्ययन अक्षमता, म्हणजे रोजच्या बोलण्यात एलडी (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया वगैरे), असलेल्या परीक्षार्थीला लेखी परीक्षेत उत्तरं लिहून देणारा माणूस किंवा जादा वेळ मिळावा म्हणून करायची मागणी आणि तिच्यासोबत लागणारी कागदपत्रं. भारतात या मागणीचा आधार सध्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 आहे. हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक या दोन्हींचा सरळ उल्लेख आहे. 1995 च्या जुन्या कायद्यातल्या सात प्रकारांत एलडी नव्हतीच, नव्या कायद्याच्या 21 प्रकारांत ती आली.

सवलत कायद्याआधीपासूनची आहे. महाराष्ट्रात दहावीच्या मुलांना ती साधारण 1996 च्या सुमारास मिळायला लागली असं बहुतेक धरलं जातं. तेव्हाचं स्वरूप मात्र आजच्यापेक्षा वेगळं होतं, अर्धा तास जादा, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, एक भाषा सोडायची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित. शाळेच्या बोर्डाच्या परीक्षेत अर्ज अजूनही मुख्याध्यापकांमार्फतच जातो, त्यामुळे तिथला मार्ग त्यामानाने सोपा. खरा गुंता स्पर्धा आणि प्रवेश परीक्षांत आहे, पुढचं सगळं मुख्यतः त्याबद्दल.

इथे दोन वेगवेगळे कागद लागतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला अपंगत्वाचा दाखला किंवा युडीआयडी कार्ड, ज्याचा अर्ज swavlambancard.gov.in वर होतो. हा कागद फक्त एवढंच सांगतो की माणसाला एलडी आहे आणि किती टक्के. दुसरा कागद म्हणजे याला लिहायला अडचण आहे आणि लेखनिक आवश्यक आहे असं सांगणारं वेगळं प्रमाणपत्र. हा सरकारी रुग्णालयाकडून, ठरवून दिलेल्या नमुन्यातच लागतो, खाजगी क्लिनिकचा कितीही जाडजूड असेसमेंट रिपोर्ट त्याच्या जागी चालत नाही.

29 ऑगस्ट 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अंधत्व, दोन्ही हातांवर परिणाम असलेलं अपंगत्व आणि सेरेब्रल पाल्सी या तीन गटांतल्या 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाच्या उमेदवारांनी मागितलं की लेखनिक द्यायचा, बस. बाकी सगळ्यांना, म्हणजे एलडीवाल्यांनाही, 40 टक्के असले तरी त्या सूचनांच्या परिशिष्ट 1 चं प्रमाणपत्र लागायचं आणि त्यावर जिल्हा शल्यचिकित्सक, मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा सरकारी रुग्णालयाचा वैद्यकीय अधीक्षक यांची सही. अडायचं ते इथेच. त्या नमुन्यात शब्द होते लिहिण्याची ‘शारीरिक’ मर्यादा. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या मुलाचा हात तपासला तर पकड ठीक, स्नायू ठीक, मग डॉक्टर म्हणतात शारीरिक मर्यादा कुठेय, आणि सही अडते. नमुन्याच्या तळटीपेत प्रमाणपत्र त्या-त्या अपंगत्वाच्या तज्ज्ञाने द्यावं असं म्हटलंय, म्हणून अस्थिरोगाच्या टेबलावर रांग लावण्यापेक्षा मानसोपचार किंवा बालरोग विभागाचा तपासणी अहवाल आधी हातात घेऊन मग सहीला जाणं शहाणपणाचं.

40 टक्क्यांखालच्यांचा प्रश्न वेगळा आणि त्यावर बराच वाद झालाय. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं म्हणणं असायचं की 40 च्या खाली काहीच नाही. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 ला हे मोडून काढलं, आरक्षणाला 40 ची अट आहे पण परीक्षेतल्या सोयीला ती लावता येत नाही असं सांगितलं (उमेदवाराला एलडी नव्हती, रायटर्स क्रॅम्प, म्हणजे लिहिताना हात आखडण्याचा विकार, होता, पण तत्त्व सगळ्यांना लागू). त्यावर 10 ऑगस्ट 2022 ला 40 च्या खालच्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या. त्यांचा नमुना लिहिण्यातल्या अडचणीबद्दल बोलतो, त्यामुळे एलडीला तो जास्त जुळतो असं म्हणायला जागा आहे. पण सही एका डॉक्टरची नाही, शल्यचिकित्सकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीची लागायची, आणि त्या प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असायची. म्हणजे जानेवारीतलं प्रमाणपत्र ऑगस्टच्या परीक्षेला बाद. फेब्रुवारी 2025 मध्ये गुलशन कुमार खटल्यात न्यायालयाने 40 ची अट न लावता सगळ्या दिव्यांगांना सोय द्या असं पुन्हा बजावलं. त्यानंतर ऑगस्ट 2025 मध्ये 2018 आणि 2022 च्या सूचनांच्या जागी नव्या सूचना आल्या, म्हणून इथले नमुने आणि अटी त्या जुन्या सूचनांप्रमाणेच्या समजाव्यात आणि अर्जाआधी नव्या सूचना बघाव्यात.

वेळेचा हिशोब सोपा, दर तासाला किमान 20 मिनिटं. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, दीड तासाला अर्धा तास. परीक्षा तासाहून कमी असेल तर त्याच प्रमाणात, पण किमान 5 मिनिटं आणि पाचाच्या पटीत, म्हणजे 45 मिनिटांना 15. फक्त एक बारीक गोष्ट आहे, 2018 च्या सूचनेत 20 मिनिटांचं वाक्य लेखनिक वापरायची परवानगी मिळालेल्यांबद्दल आहे, आणि लेखनिक न घेणाऱ्या 40 टक्केवाल्यांना तीन तासांमागे किमान एक तास ‘देता येईल’ अशी मऊ भाषा आहे. म्हणून नुसता वेळ हवा असला तरी अर्जात तसं वेगळं स्पष्ट लिहावं, गृहीत धरू नये.

2022 च्या सूचना लागू असतानाचं उदाहरण घ्या. मुलगी 18 पूर्ण, डिसग्राफिया, दाखला 14 व्या वर्षी काढलेला, 30 टक्के. पहिली अडचण दाखल्याचीच, कारण 2018 च्या मूल्यमापन नियमांनुसार एलडीचं प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळतं, 14 आणि 18 ला पुन्हा तपासणी होते आणि 18 चं आयुष्यभर चालतं. म्हणजे आधी नवी तपासणी (निम्हान्स बॅटरी ही चाचणी आणि बुद्ध्यांक). नव्यातही 30 आले तर 2022 च्या नमुन्यावर समितीची सही, आणि तारीख अशी की परीक्षा सहा महिन्यांच्या आत यावी. फॉर्म भरताना ‘40 टक्के किंवा जास्त आहे का’ ला नाही, आणि ‘लिहायला अडचण आहे, लेखनिक हवा’ ला हो. पहिल्या नाही नंतर दुसरा प्रश्न दिसतच नाही असे फॉर्म असतात, तेव्हा दुरुस्तीची मुदत संपायच्या आत संस्थेला लेखी कळवून पोच घ्यायची.

लेखनिक स्वतःचा आणायचा तर 2018 च्या सूचनेप्रमाणे त्याचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली हवं होतं आणि सोबत परिशिष्ट 2 चं हमीपत्र. शिक्षणाची माहिती खोटी निघाली तर पदावरचा हक्क जातो असं उमेदवार त्यात स्वतःच लिहून देतो, म्हणून हुशार मोठ्या भावाला बसवायचा मोह टाळलेला बरा. संस्थेचा लेखनिक घेतला तर त्याला दोन दिवस आधी भेटायची सोय सूचनेत आहे, आणि ती वापरावीच, कारण सवय नसलेल्याला आकृत्या नि समीकरणं तोंडी सांगणं फार अवघड जातं. वेगवेगळ्या पेपरांना, विशेषतः भाषांना, वेगळा लेखनिक चालतो.

केंद्रावर सगळ्यात जास्त गडबड वेळेची होते. नीट 2021 मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला तिचा जादा तास मिळालाच नाही, अवनी प्रकाश विरुद्ध एनटीए हे ते प्रकरण. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात न्यायालयाने चूक संस्थेची मानली, उपाय काढायला सांगितलं, पण फेरपरीक्षा दिली नाही. त्यामुळे प्रवेशपत्रावर जादा वेळ आणि लेखनिक छापलाय का हे ते डाउनलोड केल्या दिवशीच बघावं, नसेल तर परीक्षेआधीच लेखी तक्रार करावी. केंद्रावर मूळ दाखला, लेखन-अडचणीचं प्रमाणपत्र, हमीपत्र आणि लेखनिकाचं ओळखपत्र न्यावं, आणि पेपर सुरू व्हायच्या आधी पर्यवेक्षकाकडून संपायची वेळ विचारून घ्यावी.