फॉर्म भरता भरता कोरा का होतो?

दादरला लोकल पकडली, बसायला जागा मिळाली, म्हणून मोबाइलवर नोकरीचा अर्ज भरायला घेतला. मागे गाणी चालू आहेत. व्हॉट्सॲप, नकाशा, ब्राउझर आधीच उघडलेले. अर्जात आधार कार्डाचा फोटो जोडायचा आहे. कॅमेरा उघडला, फोटो काढला, परत आलो, तर ॲप सुरुवातीच्या लोगोपासून उघडतंय आणि भरलेली माहिती गायब. चार जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर हे बऱ्याचदा घडतं.

ॲपची फाइल, फोटो, व्हिडिओ हे सगळं स्टोरेजमध्ये असतं आणि फोन बंद केला तरी तिथेच राहतं. ॲप उघडलं की त्याचा लागणारा भाग तिथून रॅममध्ये येतो. रॅमचा वेग स्टोरेजच्या कितीतरी पट जास्त, पण वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. अर्जात टाइप केलेलं नाव, पत्ता, कुठपर्यंत स्क्रोल केलं होतं, हे ॲपने मुद्दाम सेव्ह केलं नसेल तर फक्त रॅममध्येच असतं.

चार जीबीपैकी मोठा हिस्सा अँड्रॉइड स्वतःसाठीच वापरतं. उरलेल्यात सगळी ॲप्स. कॅमेरा उघडला की त्याला एकदम काहीशे एमबी लागतात, कारण फोटोच्या अनेक फ्रेम्स तो एकाच वेळी हाताळतो. अँड्रॉइड आधी मागच्या ॲप्सची माहिती दाबून लहान करतं. तेवढ्याने भागलं नाही, तर ॲप्स बंद करायला लागतं. समोरचा कॅमेरा सगळ्यात सुरक्षित. गाणी ऐकू येतायत, म्हणून त्यांनाही सहसा हात लागत नाही. बळी जातात ते मागे नुसते पडून असलेले, आणि फारच टंचाई असेल तर नुकताच सोडलेला अर्जही.

आठ जीबीच्या फोनवर हीच ॲप्स कॅमेऱ्यासोबत मावतात, अर्ज जिथे सोडला तिथेच सापडतो. जास्त रॅमचा खरा फायदा हा. एकच ॲप वापरणाऱ्याला ती पुरत असेल, तर आणखी रॅमने वेग फारसा वाढत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे: परत आल्यावर तीच स्क्रीन लगेच दिसली तर ॲप रॅममध्ये टिकलं होतं, लोगो येऊन पहिलं पान उघडलं तर बहुधा बंद झालं होतं.

गॅलरीतले व्हिडिओ डिलीट केले म्हणून रॅम मोकळी होत नाही, ती जागा वेगळी. फोनच्या जाहिरातीतली ‘व्हर्च्युअल रॅम’ म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा. मागची ॲप्स टिकवायला तो थोडा उपयोगी पडतो, पण खऱ्या रॅमचा वेग त्याला नाही. सगळी ॲप्स सारखी स्वाइप करून काढण्यातही अर्थ नाही, कारण पुढच्या वेळी ती पुन्हा स्टोरेजमधून उचलावी लागतात. वेळही जातो, बॅटरीही.

फोन बदलायचा नसेल, तर कागदपत्रांचे फोटो आधी काढून गॅलरीत ठेवा. मग नको असलेली जड ॲप्स तेवढी बंद करा आणि अर्ज भरायला घ्या. फोटो जोडताना कॅमेरा न उघडता गॅलरीतून निवडला की रॅमवर ताण बराच कमी पडतो.