आपल्याच जाहिराती एकमेकींच्या आड येतात तेव्हा
फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिराती देणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहिती

"माझेच ॲड सेट एकमेकांवर बोली लावून भाव चढवतात का?" असं अनेक ग्राहक विचारतात. शंका रास्त आहे, पण नुकसान होतं ते थोडं वेगळ्या वाटेनं.

कोणी फोनवर इन्स्टाग्राम उघडलं की त्या एका जागेसाठी लिलाव होतो. तुमचे दोन ॲड सेट त्याच माणसाला धरून असतील, तर मेटा सहसा दोन्ही लिलावात उतरवत नाही. बोली, ती व्यक्ती अपेक्षित कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा मिळून ज्याचं एकूण मूल्य जास्त, तो पुढे जातो आणि दुसरा बाहेर थांबतो. म्हणजे तुमच्याच दोन बोलींनी भाव चढत नाही. पण थांबलेल्या ॲड सेटचं बजेट पडून राहतं आणि त्याला शिकायला पुरेसे निकाल मिळत नाहीत. महाग पडतं ते इथे.

एक हिशेब मांडून बघू. समजा, पुण्यात हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणाऱ्या दुकानाचे चार ॲड सेट आहेत: आंब्याची आवड असलेले, सेंद्रिय खाद्यपदार्थांची आवड असलेले, जुन्या गिऱ्हाइकांशी मिळतेजुळते लोक म्हणजे लुकअलाइक, आणि वेबसाइट पाहून गेलेले. प्रत्येकाला रोजचे ४०० रुपये. एक ऑर्डर २०० रुपयांच्या जाहिरातखर्चात येते असं धरलं, तर प्रत्येकाला आठवड्याला १४ ऑर्डर मिळतील. ॲड सेट स्थिरावायला मेटाच्या मते आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात. चारपैकी एकही तिथे पोचत नाही आणि "Learning limited" असा शेरा दिसू लागतो. तेच १६०० रुपये एका ॲड सेटमध्ये असते, तर ५६ ऑर्डर एकाच ठिकाणी जमल्या असत्या.

हे ओळखायची आम्हाला सर्वात भरवशाची वाटणारी खूण रीचच्या रकान्यात आहे. वरच्या उदाहरणात चौघांचे रीच १८ हजार, १५ हजार, १२ हजार आणि ५ हजार असतील, तर बेरीज ५० हजार होते. पण तळाच्या एकूण ओळीत मेटा एका माणसाला एकदाच मोजतं. तिथे ३१ हजार दिसले, तर १९ हजारांचा फरक तेच लोक पुन्हा गाठल्यामुळे पडला आहे. दुसरी खूण खर्चात दिसते. एक ॲड सेट पूर्ण बजेट संपवतो आणि ऑडियन्स मोठा असूनही दुसऱ्याचे पैसे खर्चच होत नाहीत. अर्थात खर्च अडण्याला बोलीची घातलेली मर्यादाही कारण असू शकते, म्हणून या एकाच खुणेवर निर्णय घेऊ नका.

ॲड्स मॅनेजरच्या "Audiences" पानावर दोन ते पाच ऑडियन्स निवडून "Show audience overlap" पाहता येतं. तिथली टक्केवारी वाचताना मात्र खूप जण फसतात. वेबसाइट पाहिलेले ६ हजार लोक सगळेच तुमच्या १२ लाखांच्या पुणे ऑडियन्समध्ये असले, तर मोठ्या बाजूनं आकडा दिसतो ०.५ टक्के आणि छोट्या बाजूनं १०० टक्के. म्हणून छोटा ऑडियन्स आधार धरूनही एकदा तपासा.

उपाय प्रत्येक जोडीला सारखा नाही. आंबा आणि सेंद्रिय यांना तुम्ही एकच जाहिरात दाखवत असाल, तर ते वेगळे ठेवायला कारणच नाही. बहुतेक वेळा लुकअलाइकही त्यांच्यातच मिसळावा, असं आमचं मत आहे. वेबसाइट पाहिलेल्यांना मात्र "पेटी कार्टमध्ये राहिली आहे" असं वेगळं सांगायचं असतं. तो ॲड सेट स्वतंत्र राहू द्या आणि ती यादी मोठ्या ॲड सेटमधून वगळा. फक्त आवडी बदलून भिंत उभी राहील असं समजू नका. ॲडव्हान्टेज प्लस ऑडियन्समध्ये आवडी निव्वळ सूचना ठरतात, वगळलेली यादी मात्र पाळली जाते. तीही पूर्ण नसते, कारण वेबसाइटवर आलेला प्रत्येक जण मेटाला ओळखता येतोच असं नाही. थोडी सरमिसळ उरणारच. निकाल चांगले येत असतील, तर तिच्यामागे लागू नका.

एकत्र करताना सर्वाधिक ऑर्डर आणणारा ॲड सेट ठेवा आणि बाकीचे बंद करा. टार्गेटिंग बदललं किंवा बजेट एकदम वाढवलं, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं आणि ऑर्डरचा दर काही दिवस वरखाली होतो. त्यामुळे हापूसवाल्यांनी हे काम हंगामाच्या तोंडाशी उरकावं, ऐन अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात नको. तुमच्या खात्याची तपासणी हवी असेल, तर गेल्या ३० दिवसांचा ॲड सेटनिहाय रीच, खर्च आणि ऑर्डर, शिवाय तळाची एकूण ओळ, एवढं आम्हाला पाठवा.