हळू बोललेलं जर्मन सोपं का वाटत नाही, त्यामागची गोष्ट

माझी भाची नेरुळला राहते, क्लास ठाण्याला. रोज ट्रान्स हार्बरने जाताना कानात जर्मन. ए२ ही सुरुवातीची दुसरी लेव्हल संपत आली तेव्हा कोणीतरी सांगितलं की डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या हळू वाचलेल्या बातम्या ऐक, म्हणून महिनाभर ऐकल्या बिचारीने, आणि एक दिवस म्हणाली, "मामा, प्रत्येक शब्द सुटा ऐकू येतो पण कळत काहीच नाही, माझा कानच खराब आहे का?" कान अगदी ठीक होता, पण हा घोळ इतक्या जणांचा होतो की तो आला कुठून ते नीट सांगावंसं वाटलं.

हळू बातम्यांचे दोन वेगळे वंश आहेत. पहिला व्हॉइस ऑफ अमेरिकाचा. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. शॉर्टवेव्हचा आवाज मधेच बुडायचा, खरखर यायची, आणि ऐकणारा इंग्रजी नवीन शिकलेला. म्हणून त्यांनी नुसता वेग कमी केला नाही, भाषाच बांधून घेतली: साधारण १५०० शब्दांची यादी, छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि मग ते नेहमीच्या दोन तृतीयांश वेगाने वाचायचं. म्हणजे वेग आणि मजकूर दोन्ही सोपे.

दुसरा वंश आपल्याकडच्या जुन्या लोकांना लगेच कळेल. आकाशवाणीवर धीम्या गतीच्या बातम्या लागायच्या आठवतंय? छोट्या पेपरांच्या लोकांना त्या ऐकून लिहून घेता याव्यात म्हणून शब्द सुटेसुटे वाचायचे, पण भाषा मात्र पूर्ण बातमीचीच. डॉइचे वेलेचं 'लांगझाम गेश्प्रोखन नाखरिख्टन', म्हणजे हळू बोललेल्या बातम्या, हेतूने वेगळं आहे, ते शिकणाऱ्यांसाठीच आहे, पण बांधणीने याच जातीचं: खरीखुरी बातमी, फक्त सावकाश वाचलेली. ते स्वतःच त्याला बी२-सी१ ही बरीच वरची लेव्हल देतात, आपणच 'हळू' हा शब्द वाचून 'सोपं' असा अर्थ लावतो.

भाचीसोबत बसून एक बातमी उघडली. एक मंत्री काहीतरी म्हणाला एवढीच बातमी, पण जर्मन बातम्यांत दुसऱ्याचं म्हणणं सांगताना क्रियापदाचं रूपच बदलतं, 'आहे' या अर्थाच्या 'इस्ट' च्या जागी 'झाई' येतं, आणि ते ए२ ला शिकवलेलंच नसतं. त्यात मुख्य क्रियापद बऱ्याचदा वाक्याच्या शेवटी, त्यामुळे वाक्य जितकं हळू वाचाल तितका वेळ सुरुवात डोक्यात धरून ठेवावी लागते. म्हणजे नवशिक्याला हळूपणाची मदत होण्याऐवजी ओझंच जास्त होतं!

मग आम्ही एक साधी तपासणी केली, ती मी आता सगळ्यांना सांगतो. आधी दोन मिनिटं मजकूर न बघता ऐकायचं, मग तोच मजकूर वाचायचा (डॉइचे वेले तो पूर्ण देतं). वाचूनही कळलं नाही तर प्रश्न शब्दांचा आणि व्याकरणाचा आहे, कितीही वेळा ऐका फरक पडणार नाही, खालच्या लेव्हलचं घ्या. वाचून कळलं पण ऐकून नाही, तर तो सोर्स बरोबर तुमच्यासाठी आहे, तिथेच थांबा. भाचीला शंभर शब्दांत वीसेक अनोळखी निघाले. माझा अंदाज असा की पाचाच्या वर गेले की धागा सुटतो.

ती मग मागे आली, 'डॉइच वारुम निख्ट' वर. डॉइचे वेले आणि गोएथे इन्स्टिट्यूटने मिळून केलेला हा जुना रेडिओ कोर्स, २६ धड्यांचे चार भाग. हॉटेलात काम करणारा आंद्रेआस आणि त्याची न दिसणारी सोबतीण एक्स, एवढ्यावर पुढे सरकतो. रेडिओसाठीच लिहिलेला असल्याने चित्राची गरज पडत नाही, दार, फोन, पावलं सगळं आवाजातून कळतं, लोकलमध्ये उभ्याने ऐकायला हे फार सोयीचं. स्टॅमिना मोजायला तिने एकच गोष्ट लिहून ठेवली, कितव्या मिनिटाला लक्ष सुटलं. पहिल्या आठवड्यात चौथ्या मिनिटाला, दोन महिन्यांनी अख्खा धडा.

२००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले आणि रेडिओच्या वेळापत्रकाचं बंधन गेलं, पण वेगाचं बटण हाती आल्यावर एक नवी गडबड झाली. ०.७५ वर टाकलं की आवाज नुसता ताणला जातो. माणूस स्वतः हळू वाचतो तेव्हा तो अर्थ तुटेल तिथे थांबतो, तो थांबा बटणातून फारसा मिळत नाही.

उलटा धोका पण आहे. वर्षभर फक्त हळूच ऐकलं की बोलण्यातली जर्मन ओळखू येत नाही, कारण तिथे 'हाबन व्हीअर' चं 'हामव्हा' होऊन जातं. यासाठी त्याच हळू बातम्यांचा नेहमीच्या वेगाचा ऑडिओही डॉइचे वेले देतं. भाची आता बी१ संपवून तिथे आली आहे: जाताना हळू, येताना तीच बातमी मूळ वेगात, आणि जाताना ऐरोलीच्या आसपास लक्ष सुटलं तर ठाण्याला उतरल्यावर तेवढाच तुकडा परत.