‘येताय ना?’ आणि ‘परवा आहे हं’ हे दोन वेगळे निरोप आहेत

आमंत्रण कसं करायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरगावच्यांना तारीख आधी कळवा, एवढंच सांगते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, त्याच्या आधी कळलं तर बरं.

खरा घोळ पुढे होतो. पानांचा आकडा विचारणं आणि कार्याची आठवण करणं या दोन्ही गोष्टी लोक एकाच मेसेजमध्ये कोंबतात आणि तो सगळ्या ग्रुपवर टाकतात. भाच्याच्या मुंजीला मीही ‘येण्याचे कळवावे’ तीनदा टाकलं. आत्याचा फोन आला, “अगं, येते म्हणून पहिल्याच दिवशी सांगितलं ना? परत परत काय विचारतेस, नकोय का मी?” तिचं बरोबर होतं.

आकडा ही आपली गरज आहे, म्हणून तो विचारण्याचा दिवस केटररवरून ठरतो. आणि विचारायचं फक्त ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांनाच. समजा मुंज रविवारी आहे आणि केटररला गुरुवारी आकडा हवाय. मग आधीच्या शनिवारी गप्प असलेल्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज करा. बुधवारी जे उरतील त्यांना फोन. या दोनांपलीकडे तिसऱ्यांदा विचारू नका. फोनवर ‘येणार का?’ विचारलंत तर ‘बघतो, जमवतो’ ऐकाल. ‘तुमच्याकडची किती पानं धरू?’ विचारा, माणूस तिथल्या तिथे घरातली डोकी मोजून सांगतो. तरीही ‘बघतो’च आलं, तर मी एक पान धरते आणि विषय सोडते.

आठवण पाहुण्यांच्या सोयीची असते, म्हणून ती येणाऱ्या सगळ्यांना जाते आणि तिच्यात प्रश्न नसतो. रविवारच्या कार्याला ती शुक्रवारी संध्याकाळी जावी. त्याआधी गेली तर विसरली जाते. शनिवारी रात्री गेली तर आहेराची खरेदी, इस्त्री, रिक्षाची सोय राहून जाते. एकच मेसेज, पण कामाचा: मुहूर्त, जेवणाची वेळ, कार्यालयाचा नकाशा, गाडी कुठे लावायची. ‘फक्त दोन दिवस उरले’ असे रोज येणारे फुलाफुलांचे फोटो मला मनापासून नकोसे वाटतात, कारण लोक ग्रुप म्यूट करतात आणि नेमका नकाशाच बघायचा राहतो.

ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवणार असाल तर एक लक्षात ठेवा: ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना तो मेसेज जातच नाही. व्याह्यांकडची मंडळी हमखास त्यात सापडतात. त्यांना वेगळा पाठवा, आणि ज्येष्ठांना फोनच करा.