पोटातली चौदा इंजेक्शनं आणि भीतीच्या पायऱ्या

सोलापुरात कुत्र्याची भीती आणि सुईची भीती बराच काळ एकाच वाक्यात नांदली. "कुत्र्याच्या नादी लागू नको, चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील," हे ऐकत इथल्या दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या. वाक्य खोटं नव्हतं. प्राण्यांच्या मेंदूपासून बनवलेली रेबीजची जुनी लस पोटाच्या कातडीखाली रोज टोचत. देशात तिचं उत्पादन 2004 च्या अखेरीस थांबलं. आता दंडात, चार-पाच भेटींत काम होतं. लस गेली, धमकी मात्र घराघरात राहिली, आणि ज्या मुलाला ना कुत्रं चावलं ना पोटात सुई बसली, तेही दोन्हींना भिऊ लागलं. मुलाला भीती तीन वाटांनी येते, अशी मांडणी 1977 मध्ये झाली: स्वतःला बसलेला फटका, दुसऱ्याला घाबरताना पाहणं आणि नुसतं ऐकणं. आपल्या आज्या तिसरी वाट वर्षानुवर्षं वापरत होत्या.

या भीतीला मराठीत 'भयगंड' म्हणतात, आणि घोळ या शब्दातच आहे. न्यूनगंडातला 'गंड' म्हणजे मनात खोल बसलेली गाठ. 1909 मध्ये व्हिएन्नातल्या घोड्याला भिणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली, तिचा अर्थ तसाच लावला होता: घोडा निमित्तमात्र, खरी भीती बापाची. गाठ म्हटलं की ती सोडवायला मूळ शोधायचं. त्यामुळे आजही पालक पहिला प्रश्न विचारतात, "पण हिला हे कशामुळे झालं?" भीतीला थोडं-थोडं करून, पायरी-पायरीनं सामोरं जाण्याची पद्धत या प्रश्नावर अडून बसत नाही. मूळ सापडलं तर ठीक, नाही सापडलं तरी पहिली पायरी तीच राहते. 1994 पासून अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या निदानाच्या यादीत 'विशिष्ट भीती' असं साधं नाव आहे. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

पायऱ्यांची पहिली नीट नोंद 1924 ची, न्यूयॉर्कमधल्या एका तरुण संशोधिकेची. सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भ्यायचा. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा आणि त्याला सोसेल तसा जवळ आणायचा. सुरुवातीला ससा खोलीत कुठेही असला तरी रडणारा हा मुलगा शेवटी त्याला आपली बोटं कुरतडू देऊ लागला. मधले टप्पे धरून नोंद 17 पायऱ्यांची आहे. पण तिच्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट यशाची नाही. खाण्याची युक्ती सुरू होण्याआधी, सशाला न भिणाऱ्या मुलांसोबत तो थोडा सरावला असतानाच, त्याला ताप आला, जवळजवळ दोन महिने दवाखान्यात गेले, आणि घरी परतताना टॅक्सीत बसत असताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. सशाची भीती परत मूळ जागी. म्हणजे पायऱ्यांनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवा अनुभव बसतो, आणि एक फटका तो हलवू शकतो, हे पहिल्याच नोंदीत दिसत होतं. शास्त्राने ते मान्य करायला पुढे बरीच दशकं घेतली.

खरा वाद मात्र वेगळ्याच मुद्द्यावर रंगला: पायरीवर उभं असताना मुलानं आधी शांत व्हायचं की नुसतं तिथे थांबायचं? 1958 मध्ये मांडलेल्या पद्धतीत अंग सैल सोडायला शिकणं ही पूर्वअट होती. आधी शिथिलीकरण, मग डोळे मिटून भीतीची कल्पना. हे प्रौढांना जमतं. सहा वर्षांचं पोर डोळे मिटून किती वेळ बसणार? म्हणून 1960 च्या दशकात मुलांसाठी आवडत्या नायकाच्या गोष्टीत भीती हळूहळू मिसळण्याची युक्ती निघाली. 1967 मध्ये तर कुत्र्याला भिणाऱ्या लहान मुलांना, त्यांच्याच वयाचं निर्भय मूल कुत्र्याशी टप्प्याटप्प्यानं खेळताना नुसतं दाखवलं, आणि बऱ्याच जणांची भीड चेपली. पुढे पद्धतीतला एकेक भाग काढून पाहिला, तेव्हा शिथिलीकरण वगळूनही काम होतं असं दिसलं. निर्णायक होतं ते प्रत्यक्ष सामोरं जाणं, आणि घाबरून पळ न काढणं.

तरी "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड" हा सल्ला गेला नाही. कुत्र्याच्या भीतीत त्यानं फारसं बिघडत नाही. सुईच्या भीतीत बिघडू शकतं. इतर भीतींत छातीची धडधड आणि रक्तदाब वाढतो. रक्त आणि सुईच्या भीतीत अनेकांचं आधी तसंच होतं आणि मग दाब एकदम कोसळतो: कानात गुणगुण, डोळ्यांपुढे अंधारी, आणि मूल खाली. अशा मुलाला अंग सैल सोडायला सांगणं म्हणजे उतरत्या दाबाला आणखी उतार देणं. 1980 च्या दशकात स्वीडनमधून उलटा उपाय आला, अंग ताणण्याचा. त्याचा पुरावा मुख्यतः प्रौढांचा आहे, मुलांवरचा तुटपुंजा.

सोलापुरातल्या विडी घरकुल वसाहतीतली दहा वर्षांची मुलगी कल्पून पाहू. शाळेत धनुर्वात-घटसर्पाची लस येणार आहे, आणि मागच्या रक्ततपासणीत ती चक्कर येऊन पडली होती. पहिला प्रश्न हाच: पडली होती की नुसती रडली? पडली असेल तर आधी ताणणं शिकवायचं. खुर्चीत बसून पाय, पोट आणि हात आवळायचे, चेहरा गरम वाटेपर्यंत, साधारण 10 ते 15 सेकंद. मग 20 ते 30 सेकंद नेहमीसारखं बसायचं, सैल पडायचं नाही. असं पाच वेळा, रोज, आठवडाभर. मग पायऱ्या: सुईचं चित्र, सुई नसलेली सिरिंज हातात, आईच्या दंडावर तीच सिरिंज, स्वतःच्या दंडावर स्पिरिटचा बोळा, दवाखान्यात नुसतं बसणं, धाकट्या भावाला टोचताना पाहणं. प्रत्येक पायरीला ती 0 ते 10 मध्ये भीती सांगते. आकडा निम्म्यावर येईपर्यंत किंवा "वाटलं तितकं वाईट नव्हतं" असं ती म्हणेपर्यंत तिथेच थांबायचं. प्रत्यक्ष टोचताना तो दंड सैल ठेवायचा, कारण आवळलेल्या स्नायूत सुई जास्त दुखते. ताण फक्त पायांत आणि पोटात. पूर्वी चक्कर येऊन पडलेल्या मुलाला आडवं करूनच टोचावं.

चुकतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, "चल, नुसतं वजन करायचंय" म्हणून नेणं आणि धरून टोचणं. त्या दिवसानंतर दवाखान्याचा रस्ताच पायरी होऊन बसतो. दोन, रडू फुटलं की लगेच घरी परतणं, कारण मग पळ काढल्याची सुटका हाच धडा पक्का होतो. अशा वेळी एक पायरी खाली उतरायचं, बाहेर पडायचं नाही.

कुत्र्याच्या शिडीला आणखी एक अट लागते. रात्री सात रस्ता चौकातून घरी येताना भटक्या कुत्र्यांच्या टोळक्याला भिणं हा आजार नव्हे. सराव ओळखीच्या, लस टोचलेल्या, पट्टा बांधलेल्या पाळीव कुत्र्यावरच करायचा. आणि शेवटची पायरी भटक्याला थोपटण्याची नाही, तो दिसला तरी न धावता, न ओरडता पुढे जाण्याची असते.

शाळेतली ती लस पुन्हा सोळाव्या वर्षी असते. मधली सहा वर्षं सुईशी गाठच पडली नाही तर भीती परतायला मोकळं रान मिळतं. म्हणून त्या मुलीनं अधूनमधून भावाच्या लसीला सोबत जावं, आणि कधी एका दवाखान्यात तर कधी दुसऱ्यात.